वाटेवरचे पैसे

पुण्यातल्या एका खानावळीत विद्यार्थी आगाऊ पैसे भरतात आणि जेवतील तसे ते खात्यातून वजा होतात. ताट ऐंशी रुपयांचं, रविवारची मेजवानी एकशेवीसची. खानावळ चालवणाऱ्या काकूंकडे पूर्वी जाड वही होती. मग त्यांच्या भाच्याने एक छोटा प्रोग्रॅम करून दिला. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एकच आकडा असायचा, तो म्हणजे शिल्लक. पैसे आले की आकडा वाढायचा, जेवण झालं की कमी व्हायचा. रोखीचे व्यवहार होते तोवर हे छान चाललं. यूपीआय आलं, सगळे मोबाइलवरून पैसे भरू लागले आणि सहा महिन्यांत वहीचा मेळ लागेनासा झाला. हिशोबाचे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम, म्हणून काकूंनी मला बोलावलं.

मी आधी बघितलं ते एकाच मुलाचं खातं. त्याच्या नावावर 4,440 रुपये दिसत होते. तो स्वतः म्हणत होता, "काकू, एवढे नाहीत माझे." बँकेत आलेल्या रकमा मोजल्या तर खात्यात 2,940 असायला हवे होते. फरक बरोबर पंधराशेचा होता. पण हे पंधराशे कधी आणि कशाने वाढले हे कुणालाच सांगता येईना, कारण प्रोग्रॅमजवळ 4,440 या आकड्याखेरीज काहीच उरलं नव्हतं. आधीचा आकडा पुसून त्यावर नवा लिहायचा, अशीच त्याची रीत होती.

मुलाच्या मोबाइलवरून आणि बँकेच्या उताऱ्यावरून आम्ही घटना जुळवल्या. शनिवारी संध्याकाळी 7:40 ला त्याच्या खात्यात 140 रुपये होते. त्याने पंधराशे पाठवले. त्याच्या बँकेतून पैसे कापले गेले, पण स्क्रीनवर "प्रक्रिया सुरू आहे" असंच दिसत राहिलं. काउंटरवरच्या माणसाने ते पाहिलं आणि मुलावर विश्वास ठेवून पंधराशे जमा केले. रविवारी सकाळपर्यंत बँकेचा निरोप आला नाही, म्हणून त्याने ते पुन्हा वजा केले. मुलगा मेजवानी जेवला, वीस रुपये उरले. घाबरून त्याने रात्री आणखी पंधराशे पाठवले, ते लगेच पोचले. सोमवारी दुपारी तो जेवला. चार वाजता शनिवारच्या पैशांचा निरोप आला आणि प्रोग्रॅमने पंधराशे वाढवले. पाच मिनिटांनी तोच निरोप पुन्हा आला, आणि प्रोग्रॅमने आणखी पंधराशे वाढवले.

यात कुणी लबाडी केलेली नाही. काउंटरवरचा माणूस भला होता, मुलगा प्रामाणिक होता आणि बँकेनेही शेवटी खरं तेच कळवलं. चूक वहीच्या रचनेत होती. पैसे निघाले पण पोचल्याचं ठाऊक नाही, ही अवस्था लिहायला त्या वहीत जागाच नव्हती.

ही अवस्था येते कशी, ते थोडक्यात सांगतो. यूपीआयने पैसे पाठवताना विनंती आपल्या ॲपमधून एनपीसीआयच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जाते. तिथून पाठवणाऱ्याच्या बँकेला पैसे कापायला सांगितलं जातं, मग घेणाऱ्याच्या बँकेला जमा करायला, आणि मग दोन्हीकडे निरोप परत येतात. यातला कुठलाही एक निरोप अडकू शकतो. पैसे कापले गेले पण जमा झाले नाहीत, किंवा जमाही झाले पण तसं कळवणारा निरोप वाटेत हरवला. खानावळीच्या काउंटरवरून या दोन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात. म्हणूनच "उत्तर आलं नाही" आणि "उत्तर नाही असं आलं" यांत फरक करावाच लागतो.

चेकच्या जमान्यात आपल्या लोकांना हा फरक पक्का ठाऊक होता. चेक बँकेत भरला म्हणजे पैसे आले असं कुणी मानत नसे. चेक वटेपर्यंत थांबायचं, नाही वटला तर परत येणार. मी काकूंची नवी वही याच शब्दावर बांधली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या पानावर एकाऐवजी तीन रकाने केले: वटलेली रक्कम, येणारी रक्कम आणि जाणारी रक्कम. येणाऱ्या रकान्यात वाटेवर असलेले पैसे, जाणाऱ्या रकान्यात आपण परत पाठवलेले पण पोचल्याचं न कळलेले. विद्यार्थी जेवू शकतो तो फक्त वटलेल्या रकमेवर.

दुसरा बदल असा की शिल्लक कुठेही लिहून ठेवायची नाही. लिहायच्या त्या फक्त ओळी. जे घडलं त्याची एक ओळ, आणि एकदा लिहिलेली ओळ कधीही खोडायची नाही. शिल्लक म्हणजे त्या ओळींची बेरीज, हवी तेव्हा करायची. जुन्या दुकानांतल्या रोजकिर्दीत खाडाखोड चालत नसे. चुकलं तर उलट नोंद करायची, म्हणजे चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही दिसत राहायच्या. संगणकावर आकडा बदलणं फार सोपं झाल्यामुळे ही शिस्त सुटली, ती आम्ही परत आणली.

त्याच मुलाचे ते दिवस नव्या वहीत असे दिसतात. सुरुवातीची वटलेली शिल्लक 140 आहे.

| केव्हा | काय घडलं | वटलेली | येणारी | जाणारी |
|---|---|---|---|---|
| शनि. 7:40 सायं. | पहिलं पेमेंट निघालं | | +1500 | |
| रवि. 1:00 दुपारी | मेजवानी | −120 | | |
| रवि. 8:15 रात्री | दुसरं पेमेंट निघालं | | +1500 | |
| रवि. 8:15 रात्री | दुसरं पेमेंट वटलं | +1500 | −1500 | |
| सोम. 1:00 दुपारी | जेवण | −80 | | |
| सोम. 4:05 दुपारी | पहिलं पेमेंट वटलं | +1500 | −1500 | |
| मंगळ. 11:00 सकाळी | परतफेड निघाली | −1500 | | +1500 |
| बुध. 10:30 सकाळी | परतफेड पोचली | | | −1500 |

सोमवारी दुपारी 4:05 ला वटलेल्या रकान्याची बेरीज 2,940 येते आणि येणारा रकाना शून्य होतो. मंगळवारी मुलाने जादा भरलेले पंधराशे परत मागितले, तेव्हा शिल्लक 1,440 झाली. पहिलं पेमेंट रविवारभर येणाऱ्या रकान्यात बसून होतं. त्यामुळे ते आधी जमा करायची गरज पडली नाही आणि मग घाबरून वजा करायचीही नाही.

येणारे आणि जाणारे पैसे आम्ही मुद्दामच वेगळ्या नियमाने वागवले आहेत. येणारे पैसे वटल्यावरच विद्यार्थ्याचे होतात. जाणारे पैसे मात्र निघाल्या क्षणीच त्याच्या वटलेल्या रकमेतून कमी होतात, पोचल्याची वाट न बघता. मंगळवारी परतफेड पाठवली आणि बुधवारी पोचली. मधल्या दिवसात ते पंधराशे खात्यात दिसत राहिले असते, तर तेवढ्यावर जेवणं झाली असती आणि परतफेडही झाली असती. परतफेड अडली आणि बँकेने पैसे जात नाहीत असं कळवलं, तर जाणाऱ्या रकान्यातून −1500 आणि वटलेल्यात +1500 अशी ओळ येते. दोन्ही बाजूंना शंका असेल तोवर पैसे आपल्याकडे नाहीत असंच धरायचं. याने विद्यार्थ्याला कधी एखादा दिवस थांबावं लागतं, हे खरं. अशा वेळी ताट वाढायचं की नाही हे काकू ठरवतात आणि बहुतेक वेळा वाढतात. त्या दिवशीचं जेवण वटलेल्या रकान्यातून वजा होतं, तो रकाना उणे झाला तरी चालतो. काकूंनी उधार दिलं हे वहीत स्पष्ट दिसतं. आधी तेच उधार खोटं जमा दाखवून दिलं जात होतं.

आता तो दुसऱ्यांदा आलेला निरोप. जिथून निरोप येतात त्या यंत्रणा मुद्दामच तोच निरोप पुन्हा पाठवतात, कारण पहिला पोचला की नाही याची त्यांनाही खात्री नसते. ते थांबवता येत नाही, थांबवायचा प्रयत्नही करू नये. आपल्या वहीने एवढंच ओळखायचं की ही ओळ आपल्याकडे आधीच आहे. त्यासाठी प्रत्येक पेमेंटला एक क्रमांक लागतो, आणि तो पैसे निघण्याआधी आपणच दिलेला असावा लागतो. खानावळीत पूर्वी भिंतीवर चिकटवलेला एकच क्यूआर कोड होता. त्यावरून आलेल्या पैशांना बँकेचा बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, पण तो पैसे निघाल्यावर कळतो, आणि पैसे कुणाच्या खात्यासाठी आले ते त्यावरून समजत नाही. आता काउंटरवरच्या स्क्रीनवर प्रत्येक भरण्यासाठी नवा कोड उमटतो. त्यात `tr` या जागी आमचा पेमेंट क्रमांक भरलेला असतो आणि निरोपात तोच परत येतो. बारा आकडी क्रमांकही आम्ही ओळीत जपून ठेवतो, बँकेशी बोलताना तोच चालतो.

मग वहीला एक नियम सांगितला: एका पेमेंटची एका प्रकारची ओळ एकदाच. डेटाबेसमध्ये हे एका वाक्यात लिहिता येतं.

```sql
UNIQUE (payment_id, kind)
```

`kind` म्हणजे निघालं, वटलं, फसलं, उलटलं यांपैकी एक. सोमवारी पाच मिनिटांनी तोच निरोप आला तेव्हा "पहिलं पेमेंट, वटलं" ही ओळ आधीच होती. डेटाबेसने दुसरी घेतली नाही आणि आम्ही निरोप मिळाल्याची पोच देऊन टाकली. ही तपासणी प्रोग्रॅममध्ये "आधी बघ, मग लिही" अशी करून भागत नाही. दोन निरोप एकाच क्षणी आले तर दोघेही बघतात, दोघांनाही ओळ दिसत नाही आणि दोघेही लिहितात. नकार डेटाबेसनेच द्यायला हवा. तुकड्यांत परतफेड करायची असेल तर मात्र एकच "उलटलं" पुरत नाही. प्रत्येक परतफेडीला आपला वेगळा क्रमांक द्यावा लागतो.

काकूंशी सगळ्यात जास्त बोलणं झालं ते "फसलं" या शब्दावर. त्यांचं म्हणणं होतं, "दोन तासांत आलं नाही तर फसलं म्हणून टाका, लोंबकळत कशाला ठेवायचं?" पण घड्याळाला पैशांबद्दल काहीच ठाऊक नसतं. दोन तास झाले याचा अर्थ एवढाच की दोन तासांत निरोप आला नाही. म्हणून आम्ही ठरवलं की घड्याळ फक्त चौकशी सुरू करेल. वीस मिनिटं झाली की प्रोग्रॅम पेमेंट कंपनीला त्या क्रमांकाची स्थिती विचारतो, मग तासाभराने, मग दुसऱ्या दिवशी. "फसलं" ही ओळ पक्कं उत्तर आल्यावरच पडते. तोवर पेमेंट येणाऱ्या रकान्यात बसून राहतं आणि त्याने कुणाचंही काही बिघडत नाही.

याला शेवट असतो. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात मुदती दिल्या आहेत. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून कापले गेले पण दुकानाला पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत गेले पाहिजेत. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे अडकले तर मुदत एका दिवसाची आहे. त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. त्यामुळे सहाव्या दिवशीही येणाऱ्या रकान्यात काही दिसलं तर काकू फोन उचलतात. रोज सकाळी त्यांच्या स्क्रीनवर अशी यादी येते, सगळ्यात जुनं पेमेंट सगळ्यात वर.

या पाच दिवसांत एक गोष्ट कटाक्षाने टाळायची: वाटेवरचे पैसे परत द्यायचे नाहीत. पूर्वी एखादा मुलगा "पैसे कापले गेले हो" म्हणत आला की काउंटरवरचा माणूस दया येऊन रोख काढून द्यायचा. दोन दिवसांनी बँकही त्या मुलाला पैसे परत करायची आणि खानावळीचं नुकसान व्हायचं. मुलाच्या दृष्टीने दोन्ही म्हणजे "पैसे परत आले". वहीच्या दृष्टीने मात्र या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. खानावळीपर्यंत पोचलेच नाहीत आणि मुलाकडे परत गेले, ते फसलेलं पेमेंट. त्याने येणारा रकाना रिकामा होतो, वटलेल्याला हातही लागत नाही. खानावळीकडे आले आणि मग मागे गेले, ते उलटलेलं पेमेंट. त्याने वटलेली रक्कम कमी होते. या दोघांना एकच नाव दिलं तर कधी न आलेले पैसे वजा होतात.

निरोप उलट्या क्रमानेही येतात. एकदा पैसे मागे गेल्याचा निरोप सकाळी आला आणि ते पैसे वटल्याचा मूळ निरोप दुपारी. प्रोग्रॅमने "नसलेलं कसं उलटवू?" म्हणून पहिला निरोप फेकून दिला असता आणि दुपारी पैसे जमा केले असते. आता तो स्थिती विचारून खात्री करतो आणि "वटलं" व "उलटलं" अशा दोन्ही ओळी एकदम लिहितो, कारण मागे जायला ते आधी आलेले असणारच. दुपारचा निरोप मग दुसऱ्यांदा आलेल्या निरोपासारखाच नियमाला अडतो.

उशिराच्या निरोपाने आणखी एक पेच पडतो, तो तारखेचा. शनिवारी 7:41 ला पैसे जमा झाले, आम्हाला कळलं सोमवारी 4:05 ला. ओळीवर कुठली तारीख लिहायची? दोन्ही लिहायच्या, दोन वेगळ्या जागी. बँकेच्या उताऱ्यातही व्यवहाराची तारीख आणि मूल्य तारीख असे दोन रकाने असतात ते असल्याच कारणाने. शनिवारी रात्री त्या मुलाची शिल्लक किती होती याची दोन खरी उत्तरं आहेत. नंतर जे कळलं ते धरलं तर 1,640, आणि त्या रात्री आम्हाला ठाऊक होतं तेवढ्यावर 140. महिनाअखेरीला याचं महत्त्व कळतं. काकू एकतीस तारखेला रात्री हिशोब बंद करून कागद काढतात. दोन तारखेला आलेला निरोप तो कागद बदलत नाही. त्याची ओळ दोन तारखेलाच पडते, फक्त ते पैसे एकतीसचे होते हे तिच्यावर लिहिलेलं असतं.

वही बरोबर आहे की नाही हे कळायला आमच्याकडे दोन खुणा आहेत. पहिली वहीच्या आतली. कुठलंही एक येणारं पेमेंट घ्या आणि येणाऱ्या रकान्यातल्या त्याच्या ओळींची बेरीज करा. ती मूळ रकमेइतकी असेल किंवा शून्य असेल. तिसरा कुठलाही आकडा आला तर प्रोग्रॅम चुकला आहे, आणि कुठल्या पेमेंटवर चुकला ते लगेच सापडतं. दुसरी खूण बाहेरची, बँकेचा उतारा. पेमेंट कंपनी दिवसभराच्या रकमा एकत्र करून दुसऱ्या दिवशी एकाच आकड्यात जमा करते, म्हणून आम्ही कंपनीच्या तपशिलातली प्रत्येक रक्कम त्या दिवशी वटलेल्या ओळीशी लावून बघतो. आपल्याकडे वटलेलं पण त्यांच्याकडे नाही, किंवा त्यांच्याकडे आहे पण आपल्याकडे अजून वाटेवर, अशा दोन छोट्या याद्या उरतात. बहुतेक दिवशी त्या रिकाम्या असतात.

त्या मुलाचं पान तीन आठवड्यांनी आम्हाला पुन्हा उघडावं लागलं. शनिवारी रात्री पैसे अडकल्यावर त्याने ॲपमधून बँकेकडे तक्रार केली होती आणि नंतर ती विसरून गेला. पैसे सोमवारी पोचले, बुधवारी काकूंनी परतही केले, पण तक्रार आपल्या वाटेने पुढे जात राहिली. एका सकाळी खानावळीच्या बँकेतून ते पंधराशे मागे गेले. वहीत "पहिलं पेमेंट, उलटलं, −1500" अशी ओळ पडली. तोवर मुलाच्या खात्यात नव्वद रुपये उरले होते, ते −1,410 झाले. मी शिल्लक शून्याखाली जाऊ दिली होती. शून्यावर अडवली असती तर गेलेले पैसे वहीत कुठेच दिसले नसते.

मुलाला बोलावून पान दाखवलं. पहिल्या पेमेंटपुढे बुधवारची परतफेड होती, तिच्या बारा आकडी क्रमांकासह, आणि आता हे उलटणं. तेच पंधराशे त्याच्याकडे दोनदा गेले होते. त्याने स्वतःच्या बँकेचा उतारा काढला, दोन्ही जमा रकमा त्यात होत्या. त्याने काउंटरवरच पंधराशे भरले आणि शिल्लक पुन्हा नव्वद झाली. तो गावी निघून गेला असता, तर काकूंना आपल्या बँकेकडे दाद मागावी लागली असती, आणि त्या अर्जाला जोडायला परतफेडीची ती ओळ आणि तिचा क्रमांक तयार होता.